लेयर बरोबर, काम चुकीचं: नेटवर्किंगची उत्तरं तपासताना

वाचकाचं पत्र

"मी कॉम्प्युटर नेटवर्क शिकवते आणि थिअरीचे पेपरही तपासते. लेयरच्या प्रश्नाशी आले की हात थांबतो. एकाने टीसीपीसमोर 'ट्रान्सपोर्ट लेयर' असं बरोबर लिहिलं, पण पुढे राउटिंगही टीसीपीच्याच नावावर टाकलं. दुसरीने एआरपी डेटा लिंक लेयरवर ठेवला, आमच्या मॉडेल आन्सरमध्ये तो नेटवर्क लेयरवर आहे. तक्ता धरून तपासलं तर पहिल्याला गुण मिळतात आणि दुसरीला शून्य. हे मला खटकतं. पण तक्ता बाजूला ठेवला तर तपासायचं कशाच्या आधारावर? — एक शिक्षिका"

उत्तर

मॉडेल आन्सरमधला तक्ता दोन गोष्टी न सांगता गृहीत धरतो. एक, प्रत्येक प्रोटोकॉल कुठल्या तरी एकाच लेयरवर असतो. दोन, प्रत्येक काम कुठला तरी एकच लेयर करतो. पहिली गोष्ट बऱ्याचदा खरी असते, दुसरी तर अर्धीमुर्धीच. त्यामुळे विद्यार्थ्याच्या उत्तरात दोन वेगळी विधानं असतात, ती वेगळी करूनच वाचावीत: 'हा प्रोटोकॉल अमुक लेयरवर आहे' हे एक आणि 'हा प्रोटोकॉल अमुक काम करतो' हे दुसरं. पहिल्यात थोडा संकेताचा भाग आहे, पुस्तकागणिक फरक पडू शकतो. दुसऱ्यात तसं काही नाही. ते पॅकेट उघडून पडताळता येतं. म्हणून आधी कामाची वाक्यं तपासा, लेयरचं नाव मागाहून.

समजा प्रश्न पाच गुणांचा आहे: 'टीसीपी कोणत्या लेयरवर चालतो ते सांगून त्याची कार्यं स्पष्ट करा.' आणि तुमच्या पहिल्या विद्यार्थ्याचं उत्तर साधारण असं आहे:

"टीसीपी ट्रान्सपोर्ट लेयरवर चालतो. तो डेटाचे सेगमेंट करतो आणि त्यांना सिक्वेन्स नंबर देतो. वाटेतला प्रत्येक राउटर सेगमेंट मिळाल्याची ॲक्नॉलेजमेंट देतो. ती आली नाही तर सेगमेंट पुन्हा पाठवला जातो. टीसीपी आयपी ॲड्रेस पाहून पॅकेटसाठी सर्वांत जवळचा मार्ग निवडतो."

घाईत वाचलं तर यात ट्रान्सपोर्ट, सेगमेंट, सिक्वेन्स नंबर, ॲक्नॉलेजमेंट हे अपेक्षित शब्द सगळे सापडतात आणि पेन चार गुणांकडे वळतं. खटकतं ते शेवटचं वाक्य, कारण ते उघड चुकीचं आहे. पण तिसरं वाक्यही तितकंच चुकीचं आहे, आणि ते सहज निसटतं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. ही चूक येते कुठून, ते बघण्यासारखं आहे. बहुतेक नोट्समध्ये नेटवर्क लेयरची व्याख्या 'सोर्सपासून डेस्टिनेशनपर्यंत पॅकेट पोचवणे' अशी असते आणि ट्रान्सपोर्ट लेयरचीही 'सोर्सपासून डेस्टिनेशनपर्यंत डेटा पोचवणे' अशीच. विद्यार्थ्याने दोन्ही पाठ केल्या आणि पोचवायचं म्हणजे मार्ग काढायचा, असा अर्थ लावला. दोन व्याख्यांमध्ये निसटलेला फरक असा: नेटवर्क लेयर एका मशीनपासून दुसऱ्या मशीनपर्यंत नेतो, ट्रान्सपोर्ट लेयर त्या मशीनवरच्या एका प्रोसेसपासून दुसऱ्या मशीनवरच्या प्रोसेसपर्यंत. पहिल्यासाठी आयपी ॲड्रेस लागतो, दुसऱ्यासाठी पोर्ट नंबर.

चूक सिद्ध करायला एक सोपी कसोटी आहे: प्रोटोकॉल बदलून बघा. टीसीपी काढून त्याच्या जागी यूडीपी ठेवला, तर ते काम व्हायचं थांबतं का? डीएनएसची साधी क्वेरी यूडीपीवरून जाते. तीही अनेक राउटर ओलांडून पोचते, आणि तिच्यासाठी मार्ग त्याच राउटिंग टेबलवरून निवडला जातो. म्हणजे टीसीपी नसतानाही मार्ग निवडला गेलाच. ते काम टीसीपीचं नाही. याच कसोटीवर सिक्वेन्स नंबर आणि रिट्रान्समिशन तपासा: यूडीपी आला की दोन्ही गायब होतात. म्हणजे ती कामं खरोखर टीसीपीची. विद्यार्थ्याला 'चूक' असा शेरा देण्यापेक्षा 'यूडीपी वापरला तर मार्ग कोण निवडेल?' एवढं समासात लिहिलं तर त्याला चूक कुठे झाली ते स्वतःच सापडेल.

आता तिसरं वाक्य. ॲक्नॉलेजमेंट टीसीपीत असतेच, मग बिघडलं काय? बिघडलं ते 'प्रत्येक राउटर' या दोन शब्दांनी. टप्प्याटप्प्यावर पोच देणं ही डेटा लिंक लेयरची पद्धत आहे. वाय-फायमध्ये लॅपटॉप आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यात ती चालते, एचडीएलसीसारख्या प्रोटोकॉलमध्येही दोन शेजारी एकमेकांना पोच देतात. विद्यार्थ्याने ते चित्र उचललं आणि टीसीपीवर चिकटवलं. टीसीपीची ॲक्नॉलेजमेंट मात्र फक्त पलीकडच्या टोकाकडून येते. मधल्या राउटरचं काम आयपी हेडर वाचून पॅकेट पुढे ढकलणं एवढंच. कुठल्या कनेक्शनमध्ये किती डेटा पोचला याची नोंद तो ठेवत नाही.

यावर वर्गात वाद झाला तर वायरशार्क उघडा आणि पाठवणाऱ्या मशीनवर परत आलेली एक ॲक्नॉलेजमेंट दाखवा. उदाहरणार्थ, ती अशी दिसेल:

```
Ethernet II, Src: 02:00:5e:10:00:01, Dst: 02:00:5e:10:00:22
Internet Protocol Version 4, Src: 203.0.113.10, Dst: 192.168.1.22
Transmission Control Protocol, Src Port: 443, Dst Port: 51514, Seq: 1, Ack: 2921, Len: 0
```

पहिल्या ओळीतला सोर्स मॅक ॲड्रेस आपल्या जवळच्या राउटरचा आहे, कारण शेवटच्या टप्प्यावर फ्रेम त्यानेच बांधली. दुसऱ्या ओळीतला सोर्स आयपी मात्र दूरच्या सर्व्हरचा आहे. ॲक्नॉलेजमेंटचा आकडा तिसऱ्या ओळीत, म्हणजे टीसीपीच्या हेडरमध्ये आहे. तो त्या सर्व्हरने भरला, राउटरने नाही. प्रत्येक राउटर स्वतः पोच देत असता, तर दुसऱ्या ओळीत राउटरांचे आयपी ॲड्रेस दिसले असते आणि एकेका सेगमेंटमागे तशा कित्येक पोच आल्या असत्या. हुशार विद्यार्थी इथे विचारेल, "पण ट्रेसराउटमध्ये राउटरांची उत्तरं येतातच की!" येतात, पण ते आयसीएमपीचे निरोप असतात: टीटीएल शून्यावर आल्यामुळे पॅकेट टाकून दिल्याचे. तिथे राउटर पॅकेट मिळाल्याची पोच देत नाही, ते फेकल्याचं कळवतो.

त्या स्क्रीनवरचा २९२१ हा आकडाही एकदा समजावून द्यावा. सेगमेंट १४६० बाइटचे असतील, तर वायरशार्कच्या सापेक्ष मोजणीत पहिला १ पासून, दुसरा १४६१ पासून आणि तिसरा २९२१ पासून सुरू होतो. `Ack: 2921` म्हणजे '२९२० पर्यंतचे बाइट मिळाले, आता २९२१ पासून पाठव'. दुसरा सेगमेंट हरवला आणि तिसरा पोचला, तर पलीकडून पुन्हा १४६१ च येत राहील. नंबर सेगमेंटला नसतो, बाइटला असतो. विद्यार्थ्याने 'सेगमेंटना नंबर देतो' असं लिहिलं ते ढोबळ आहे, पण लेयरची चूक नाही. प्रश्नात विचारलं नसेल तर त्यावर गुण कापू नयेत.

मग या उत्तराला किती? तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. चुकीचं राउटिंग आलं म्हणून सगळं उत्तर बाद करणं ही पहिली. ती अन्यायाची, कारण निम्मं उत्तर खरं आहे. लेयर बरोबर म्हणून चुकीची वाक्यं न बघितल्यासारखं करणं ही दुसरी. तिच्यामुळे घोकंपट्टीचे गुण मिळतात. तिसरी वाट जास्त टिकाऊ: लेयरला एक गुण आणि बाकीचे चार गुण चार कार्यांना, म्हणजे सेगमेंट-सिक्वेन्सिंग, ॲक्नॉलेजमेंट, रिट्रान्समिशन आणि फ्लो कंट्रोल. या मोजणीत लेयरचा एक, सिक्वेन्सिंगचा एक, रिट्रान्समिशनचा एक असे तीन गुण होतात. राउटरच्या पोचेमुळे ॲक्नॉलेजमेंटचा गुण जातो, फ्लो कंट्रोल उत्तरात नाहीच. राउटिंगच्या वाक्याला काही मिळत नाही आणि त्यासाठी वेगळं काही कापायचंही नाही. एकच चूक दोन ठिकाणी मोजली जाणार नाही, एवढं पाळा.

अशा चुका सर्वांत जास्त होतात ते एकच काम अनेक लेयर करतात तिथे. त्यातलं ठळक उदाहरण म्हणजे एरर तपासणं. 'एरर कंट्रोल डेटा लिंक लेयर करतो' असं मॉडेल आन्सर म्हणतं आणि कुणी 'ट्रान्सपोर्ट' लिहिलं की चूक धरली जाते. एक टीसीपी सेगमेंट इथरनेटवरून जाताना त्यावर प्रत्यक्षात तीन तपासण्या होतात. फ्रेमच्या शेवटी ३२ बिटचा सीआरसी असतो. तो पूर्ण फ्रेमसाठी असतो आणि प्रत्येक टप्प्यावर नव्याने काढला जातो. आयपीव्ही४ चा चेकसम फक्त आयपी हेडर तपासतो, आतल्या डेटाला हात लावत नाही. टीटीएल दर राउटरला एकने कमी होतो, त्यामुळे हा चेकसमही दर राउटरला बदलतो. टीसीपीचा १६ बिटचा चेकसम हेडर आणि डेटा दोन्हींसाठी असतो, तो पाठवणारा भरतो आणि टोकाचा मशीन पडताळतो.

म्हणून अशा उत्तरात 'कोणता लेयर?' याआधी 'काय तपासलं, कुणी तपासलं आणि चूक सापडल्यावर काय केलं?' हे बघा. शेवटच्या भागात खूप जण घसरतात. 'इथरनेट चूक शोधून फ्रेम पुन्हा मागवतं' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात भेटतं. इथरनेट खराब फ्रेम नुसती टाकून देतं, कुणाला कळवतही नाही. परत पाठवण्याचं काम पुढे टीसीपीच्या अंगावर येतं, आणि वर टीसीपी नसून यूडीपी असेल तर ॲप्लिकेशनने बघायचं. 'डेटा लिंक लेयरवर एरर कंट्रोल असतो' हे लेयरविषयीचं विधान म्हणून बरोबर आहे. तेच इथरनेटविषयी लिहिलं की फक्त चूक ओळखण्यापुरतंच खरं राहतं.

तुकडे करण्याचंही असंच आहे. टीसीपी सेगमेंट करतो, तेव्हा प्रत्येक सेगमेंटला स्वतःचं टीसीपी हेडर मिळतं. आयपीव्ही४ फ्रॅगमेंट करतो, तेव्हा वरचं हेडर फक्त पहिल्या तुकड्यात जातं. ४००० बाइटचं यूडीपी भरलेलं आयपी पॅकेट १५०० च्या एमटीयूवर आलं, तर २० बाइटचं आयपी हेडर वजा जाता ३९८० बाइट उरतात. ते १४८०, १४८० आणि १०२० असे तीन तुकड्यांत जातात. तिन्हींवर आयपी हेडर असतं, पोर्ट नंबर मात्र पहिल्यातच. उत्तरात 'आयपी सेगमेंटेशन करतो' असं दिसलं, की पुढची ओळ वाचा. तिथे ऑफसेट किंवा एमटीयूचा उल्लेख असेल, तर विद्यार्थ्याला काम कळलं आहे, नाव चुकलं आहे. सिक्वेन्स नंबरचा उल्लेख असेल, तर काम चुकीच्या लेयरला गेलं आहे.

आता तुमच्या दुसऱ्या विद्यार्थिनीकडे. एआरपीच्या बाबतीत तिचं उत्तर चूक धरायला ठोस आधार नाही. एआरपीचा निरोप थेट इथरनेट फ्रेममध्ये जातो. फ्रेमच्या टाइप फील्डमध्ये आयपीव्ही४ साठी `0x0800` असतं आणि एआरपीसाठी `0x0806`. मध्ये आयपी हेडर नसतं, आणि राउटर तो पुढे पाठवत नाही. इंटरनेट होस्टसाठीच्या गरजा सांगणाऱ्या १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये एआरपीची चर्चा लिंक लेयरच्या प्रकरणात आहे. दुसऱ्या बाजूला, तो आयपी ॲड्रेसवरून मॅक ॲड्रेस शोधतो, म्हणून अनेक पाठ्यपुस्तकं त्याला नेटवर्क लेयरमध्ये शिकवतात. दोन्ही लेयर स्वीकारा. कस लावा तो कामाच्या वाक्यावर. 'एआरपी दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरचा मॅक ॲड्रेस शोधतो' असं लिहिलं असेल, तर लेयर कुठलाही असो, गुण जातो. दुसऱ्या नेटवर्ककडे जायचं असेल तेव्हा मशीन गेटवेचा मॅक ॲड्रेस विचारतं, सर्व्हरचा कधीच नाही. 'एआरपी मशीनला आयपी ॲड्रेस देतो' हेही तसंच, ते काम डीएचसीपीचं.

एआरपीला आयपी हेडर नाही हे सांगून मी प्रोटोकॉल कशात गुंडाळला जातो ही कसोटी वापरली. ती उपयोगी आहे, पण एकटीवर विसंबू नका. आयसीएमपी आयपी पॅकेटमध्येच जातो, प्रोटोकॉल नंबर १ घेऊन, जसे टीसीपी ६ आणि यूडीपी १७ घेऊन जातात. त्यावरून 'आयसीएमपी ट्रान्सपोर्ट लेयरवर' असं लिहिणाऱ्याचा तर्क समजतो, तरी निष्कर्ष चुकतो. आयसीएमपीत पोर्ट नसतात, तो प्रोसेस-ते-प्रोसेस काहीच पोचवत नाही, आणि १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्येच तो आयपीचा अविभाज्य भाग असल्याचं म्हटलं आहे. उलट्या दिशेने बघा: आरआयपी यूडीपीच्या पोर्ट ५२० वरून बोलतो, बीजीपी टीसीपीच्या १७९ वरून. गुंडाळणी पाहिली तर दोघं ॲप्लिकेशन लेयरवर ठरतात, काम पाहिलं तर नेटवर्क लेयरच्या राउटिंग टेबलसाठी राबतात. विद्यार्थ्याने कारण देऊन यापैकी काहीही लिहिलं तरी गुण द्यावेत. 'बीजीपी पॅकेट पुढे पाठवतो' असं लिहिलं तर मात्र नाही. पॅकेट पुढे पाठवतो तो आयपी, बीजीपी फक्त टेबल भरायला मदत करतो.

टीएलएसवर मी फार वेळ घालवणार नाही. तो टीसीपीच्या वर आणि एचटीटीपीच्या खाली बसतो, हे लिहिलं की पुरे. त्याला ओएसआयच्या सेशनमध्ये टाकायचं की प्रेझेंटेशनमध्ये, यावर गुण ठेवणाराच प्रश्न चुकीचा आहे.

राहिला मॉडेल आन्सरचा प्रश्न. तुम्ही एकटीने मनाशी ठरवून सवलत दिलीत, तर शेजारच्या टेबलावर तोच पेपर वेगळे गुण घेऊन जाईल. त्यामुळे गठ्ठा सुरू करायच्या आधी मॉडरेटरशी बोलून मॉडेल आन्सरमध्येच 'एआरपी: डेटा लिंक किंवा नेटवर्क, कार्य बरोबर असल्यास' असा पर्याय लिहून घ्या. निम्मा गठ्ठा तपासून झाला असेल, तर सगळं पुन्हा वाचायची गरज नाही. फक्त त्या प्रश्नाला जिथे शून्य दिलंय ती पानं उघडा आणि कामाचं वाक्य वाचा.

पुढच्या वेळी प्रश्न काढताना दोन बदल करून बघा. कुठलं मॉडेल धरायचं ते प्रश्नातच लिहा: १९८४ मध्ये प्रमाणित झालेलं सात लेयरचं ओएसआय, की आरएफसी ११२२ मधलं चार लेयरचं. दुसरं, 'कोणत्या लेयरवर?' याच्या पुढे 'हे काम करताना तो कुठल्या हेडरमधलं कुठलं फील्ड वापरतो?' असं जोडा. टीसीपीच्या नावावर राउटिंग टाकणाऱ्याला मग टीसीपी हेडरमध्ये डेस्टिनेशन आयपीचं फील्ड शोधावं लागेल, आणि ते तिथे नाही.